नवीन बोट नोंदवल्यावर बँकेच्या अ‍ॅपमध्ये फिंगरप्रिंट का चालत नाही?

अँड्रॉइड फोनवर दुसऱ्या बोटाचा ठसा नोंदवल्यापासून बँकेचे अ‍ॅप जुना ठसाही घेत नाही. फोन मात्र त्याच बोटाने उघडतो. असे का?

तुमचा ठसा बँकेकडे जात नाही. अ‍ॅप फोनच्या कीस्टोअरमध्ये, म्हणजे डिजिटल किल्ल्या सुरक्षित ठेवण्याच्या जागेत, एक गुप्त किल्ली तयार करते आणि ठसा जुळला की फोन ती किल्ली वापरू देतो. कोणत्या बोटाने ती उघडली, हे अ‍ॅपला कळत नाही. त्यामुळे तुमच्या फोनचा पिन माहीत असलेल्या कोणी स्वतःचे बोट नोंदवले, तर त्यालाही खाते उघडता आले असते. हे टाळण्यासाठी नवीन ठसा नोंदवताच अशी किल्ली कायमची बाद होते आणि अ‍ॅपने ती वापरू पाहिल्यास `KeyPermanentlyInvalidatedException` ही त्रुटी येते. नवीन बोट काढून टाकले तरी किल्ली परत येत नाही, म्हणून तो खटाटोप करू नका. पासवर्डने लॉगिन करून अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये फिंगरप्रिंट बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे नवी किल्ली तयार होईल. मात्र नवीन बोट तुम्ही नोंदवलेच नसेल, तर आधी फोनचा पिन बदला आणि अनोळखी ठसा काढून टाका.