अटॅक, अरेस्ट आणि फेल्युअर: एकाच माणसाला तिन्ही कसं?

प्रश्न: बाबांना हार्ट अटॅक आला. हॉस्पिटलमध्ये असतानाच कार्डियाक अरेस्ट झाला म्हणाले, शॉक देऊन वाचवलं. आता डिस्चार्जच्या कागदावर 'हार्ट फेल्युअर' लिहिलंय. ही एकाच आजाराची तीन नावं आहेत की तीन वेगळे आजार? आणि आता आम्ही नक्की कशाची काळजी घ्यायची?

उत्तर: तिन्ही वेगळे आहेत. अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटणं, अरेस्ट म्हणजे हृदयाचं काम अचानक थांबणं, आणि फेल्युअर म्हणजे हृदय चालू असूनही शरीराला पुरेसं रक्त न पुरवू शकणं. तुमच्या बाबांच्या बाबतीत बहुधा पहिल्यामुळे दुसरं घडलं आणि पहिल्यामुळेच तिसरं मागे राहिलं.

मी हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. तुमच्या बाबांचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत, म्हणून अगदी याच वाटेने गेलेल्या एका पेशंटचं उदाहरण घेऊन सांगतो.

बावन्न वर्षांचे गृहस्थ. पहाटे पाचला छातीच्या मधोमध कुणीतरी दाबून धरल्यासारखं वाटलं, दरदरून घाम आला, डावा जबडा दुखायला लागला. ॲसिडिटी असेल म्हणून गोळी घेतली आणि पडून राहिले. दुखणं कमी होईना, तेव्हा साडेआठला दवाखान्यात आले, तेही स्वतःच्या पायांनी चालत. पूर्ण शुद्धीवर होते, नाव-पत्ता सांगत होते, रक्तदाबही ठीक होता. ईसीजीत मात्र हृदयाच्या पुढच्या भिंतीला मोठा अटॅक स्पष्ट दिसत होता.

खूप लोकांना हे पटत नाही. अटॅक आलेला माणूस बहुतेक वेळा जागा असतो, बोलत असतो, आणि त्याचं हृदय धडधडत असतं. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते बाहेरून पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून. तिथे वर्षानुवर्षं साठलेला चरबीचा थर एक दिवस फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. या गृहस्थांची एलएडी नावाची रक्तवाहिनी सुरुवातीलाच बंद झाली होती. डाव्या कप्प्याच्या पुढच्या भिंतीचं रक्त मुख्यतः तिच्यावरच अवलंबून असतं.

रक्त बंद झालं की साधारण अर्ध्या तासात स्नायू कायमचा मरायला लागतो, आणि पुढच्या काही तासांत ते नुकसान आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे पसरत जातं. म्हणून ते साडेतीन तास महागात पडले. दवाखान्यात पोचल्यापासून दीड तासाच्या आत अँजिओप्लास्टी करून वाहिनी उघडायची, आणि ते वेळेत शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, असा नियम आहे तो यासाठीच. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाही, असंही नसतं. दुखणं चालू असेल तर तो पुन्हा काढतात, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने तपासतात. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखता नुसता दम लागणं, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढंच दिसू शकतं.

आता दुसरी गोष्ट. अँजिओप्लास्टी जिथे करतात त्या कॅथलॅबमध्ये नेण्याची तयारी चालू असताना हे गृहस्थ माझ्याशी बोलत होते. एका वाक्याच्या मध्येच त्यांचे डोळे वर गेले. घोरल्यासारखा एक आवाज आला आणि अंग सैल पडलं. मॉनिटरवर ठोक्यांच्या जागी वेडीवाकडी रेघ होती. मानेत नाडी लागत नव्हती. हा कार्डियाक अरेस्ट.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका छोट्या संदेशाने सुरू होतो, आणि सगळा स्नायू तो संदेश ठरलेल्या क्रमाने पाळतो. रक्त तुटलेला स्नायू मध्येच स्वतःचे संदेश पाठवायला लागला की हा क्रम मोडतो. वर्गातली सगळी मुलं एकदम बोलायला लागली की कुणाचंच ऐकू येत नाही, तसं होतं. स्नायू नुसता थरथरतो आणि रक्त बाहेर पडत नाही. पंधराएक सेकंदांत शुद्ध जाते. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. शॉकचं काम हा गोंधळ एका झटक्यात थांबवणं, म्हणजे हृदयाचा मूळ ताल पुन्हा ताबा घेऊ शकतो. या गृहस्थांना छाती दाबत दाबत एक शॉक दिला आणि ताल परत आला. मग लगेच अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला.

ते दवाखान्यात होते म्हणून हे इतकं सरळ झालं. हेच घरी घडलं असतं तर सगळं जवळच्या माणसावर अवलंबून होतं, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. घरात कुणी अचानक कोसळलं, हाक मारून, खांदे हलवून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर तो अरेस्ट समजायचा. यात हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे आचके. अरेस्टनंतर पहिली काही मिनिटं माणूस अधूनमधून माशासारखे श्वास ओढू शकतो, कधी हातपाय झटके देतात. 'श्वास चालू आहे', 'फीट आली' असं समजून लोक पाणी शिंपडत बसतात आणि तीच मिनिटं हातची जातात. रुग्णवाहिकेला फोन लावून स्पीकरवर ठेवा. माणसाला जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. छाती पाच-सहा सेंटिमीटर आत गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. पाच सेंटिमीटर हे वाटतं त्यापेक्षा बरंच खोल असतं. बरगडी मोडेल म्हणून हात आखडू नका, ती पुढे जुळून येते. जवळ एईडी हे शॉकचं यंत्र असेल तर ते सुरू करा. काय करायचं ते यंत्रच बोलून सांगतं, आणि गरज नसेल तर ते शॉक देत नाही.

अरेस्टसाठी अटॅकच लागतो असं नाही. १२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानावर कोसळला, तो अरेस्ट होता. मैदानावरच सीपीआर आणि शॉक दिला म्हणून तो वाचला. पुढे त्याच्या छातीत शॉक देणारं छोटं यंत्र बसवलं आणि तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळायला लागला. जन्मजात तालाचे दोष, हृदयाच्या स्नायूचे आजार, रक्तातलं पोटॅशियम फार वर किंवा खाली जाणं, विजेचा धक्का, बुडणं, यांतूनही अरेस्ट होतो.

तिसरी गोष्ट तुमच्या हातातल्या कागदावरची. आमच्या गृहस्थांची दुसऱ्या दिवशी इको केली तेव्हा पंपिंग ३० टक्के आलं. घरच्यांनी त्याचा अर्थ ७० टक्के हृदय गेलं असा लावला. हा हिशोब तसा नसतो. निरोगी माणसाच्या डाव्या कप्प्यात समजा १२० मिलिलिटर रक्त भरलं, तर एका ठोक्यात त्यातलं ७० च्या आसपास बाहेर पडतं, म्हणजे साधारण ५८ टक्के. शंभर टक्के कुणाचंच नसतं. त्यामुळे ३० ची तुलना ५५-६५ शी करायची. कमी आहेच, पण त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही आणि उद्या पडेल असाही नाही.

पुढची भिंत नीट आकसत नव्हती, त्यामुळे रक्त मागे तुंबायला लागलं. तीन आठवड्यांनी ते परत आले ते घोट्यांवर सूज घेऊन, बोट दाबलं की खड्डा राहायचा. आडवं पडलं की दम लागायचा, दोन उशांशिवाय झोप येत नव्हती, आणि रात्री झोपल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून उठून बसायचे. चार दिवसांत वजन तीन किलो वाढलं होतं. इतक्या कमी दिवसांत चरबी वाढत नाही, ते सगळं पाणी होतं. विचारलं तेव्हा कळलं की कमरेच्या दुखण्यासाठी ते दुकानातून डायक्लोफिनॅक आणून घेत होते. अशा वेदनाशामक गोळ्यांनी शरीरात मीठ आणि पाणी साठतं, आणि या आजारात त्या टाळायच्याच असतात. त्या बंद केल्या, लघवी वाढवणारं औषध दिलं, हृदयाच्या गोळ्यांचे डोस हळूहळू वाढवत नेले. त्यातली एक गोळी मुळात मधुमेहाची आहे आणि त्यांना मधुमेह नाही. घरच्यांना ती चूक वाटली होती, पण फेल्युअरमध्ये ती मधुमेह नसलेल्यांनाही उपयोगी पडते. तीन महिन्यांनी पंपिंग ४२ टक्के आलं. अटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. तो सावरायला वेळ लागतो.

फेल्युअरही अटॅकशिवाय होऊ शकतं. वर्षानुवर्षं न सांभाळलेला रक्तदाब, खराब झालेली झडप, विषाणूमुळे सुजलेला स्नायू, दारू, ही त्याची कारणं. काहींचं पंपिंग अगदी नॉर्मल असतं, पण हृदय इतकं ताठर झालेलं असतं की ते नीट भरतच नाही. तेही फेल्युअरच.

आता बाबांसाठी. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, घोटे सुजले किंवा उशी वाढवावी लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका, आणि स्टेंट असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. छातीत पुन्हा तसंच दडपण आलं तर थेट रुग्णवाहिका, स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: डिस्चार्जच्या वेळी पंपिंग किती होतं, आणि पुढची इको कधी. औषधं पूर्ण डोसवर येऊन साधारण तीन महिने झाल्यावरही ते ३५ किंवा त्याखाली राहिलं, तर एरिक्सनला बसवलं तसं यंत्र बसवण्याबद्दल विचार करावा लागतो. हा निर्णय बहुधा त्या इकोवरच ठरेल, तेव्हा ती तारीख चुकवू नका.