टोमॅटो उतरतो, चहा उतरत नाही

अरे, तू विचारलंस ना की बातम्यांत महागाई घटली म्हणतात आणि तुझ्या मेसचं बिल तर वाढलंच, मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. मला हे नीट कळलं ते आमच्या भाजीवाल्या आबांच्या गाडीवर, त्यांची नात अकरावी कॉमर्सला आहे, संध्याकाळी मदतीला असते, त्या दोघांचं बोलणंच तुला लिहून पाठवतो.

ती म्हणाली, "आबा, 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेलेला, तीच महागाई ना?"

"ती टंचाई गं पोरी. माल खराब झाला, मार्केट यार्डात आवक घटली, भाव चढला. नवीन माल आला आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो इतका पडला की शेतकऱ्याचा तोडणीचा खर्च निघेना. पण मी गाडी लावली तेव्हा चहा दोन रुपयाला होता, आता दहाला आहे, तो कधी उतरलेला बघितलास? हमाली, टेम्पोचं भाडं, पिशव्या, सगळं हळूहळू चढलं आणि चढलं ते तिथंच राहिलं. ही महागाई."

"मग कमी झाली म्हणतात ते काय?"

"तूच गणित कर. 2022 च्या जुलैत घरखर्च शंभर धर."

तिनं मोबाईल काढला. "2023 च्या जुलैत महागाईचा दर 7.44 टक्के, म्हणजे साधारण 107. 2024 च्या जुलैत साडेतीनच्या आसपास, म्हणजे... 111! अय्या, खर्च वाढलाच की. फक्त वाढायचा वेग कमी झाला."

"आणि 2023 च्या जुलैचा आकडा टोमॅटोनं आधीच फुगवलेला, त्याच्याशी लावला की 2024 चा बारीकच दिसणार."

हे शेवटचं वाक्य नीट वाच बरं का, कारण दर नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावून काढतात, त्यामुळे कमी आकडा दिसला की आधी मागच्या वर्षी काय झालं होतं ते बघायचं.

मग तिनं विचारलं, "आबा, तुमचा नफा कसा मोजता?"

"आज भरला तेवढाच माल उद्या भरता यायला पाहिजे, एवढे पैसे आधी बाजूला. वर उरलं ते कमावलं. बारा वर्षांपूर्वी डब्यात ठेवलेल्या भांडवलात आज अर्धीच गाडी भरेल."

आबांचा हा अंदाज चुकीचा नाहीये, दरवर्षी सहा टक्के वाढ धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो.

आता तुझ्या ऑफर लेटरचं. वर्षाला 5 टक्के वाढ मिळणार म्हणून तू खूश आहेस, पण तुझा खर्च सात टक्क्यांनी वाढला तर हातात जास्त नोटा येऊनही आबांच्या हिशोबानं तुझी गाडी थोडी रिकामीच राहणार, आणि देशाचा आकडा सगळ्यांच्या खर्चाची सरासरी असतो, तुझ्या खर्चाचा नसतो. म्हणून मेस, रूमचं भाडं, बसचं तिकीट एवढं तरी गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी लावून बघ, आणि सही करायच्या आधी किती टक्के निघतात ते मला कळव.