हिशेबात न धरलेली गोळी

“मॅडम, शनिवारी मित्रांबरोबर गांजा ओढायचो. आता इच्छाच होत नाही आणि झाली तरी ताठरता येत नाही. गांज्यामुळेच असेल म्हणून दोन महिने हात लावला नाही, तरी काही फरक नाही. वय चौतीस. हे कायमचं झालंय का?”

गांज्याबद्दल महेशने (नाव बदललं आहे) भरभरून सांगितलं. किती वर्षं, कोणाबरोबर, एका वेळी किती, सगळं. मी विचारलं, “आणखी काय घेता?” तो म्हणाला, “नशेचं काहीच नाही.” हे उत्तर मी बऱ्याचदा ऐकते, म्हणून पुढच्या भेटीला येताना दिवसभरात पोटात जातं ते सगळं एका पिशवीत घालून आणायला सांगितलं. मसाल्याचं पाकीट, सर्दीची गोळी, काहीही असो.

पुढच्या आठवड्यात दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्याने पिशवी टेबलावर रिकामी केली. अॅसिडिटीच्या गोळ्या, तंबाखूची पुडी आणि कात्रीने कापलेले स्ट्रिपचे तुकडे. एका तुकड्यावर नाव शिल्लक होतं : ट्रामाडॉल, ५० मिलिग्रॅम. “ही पाठीची,” तो म्हणाला. मस्जिद बंदरच्या गोदामात पोती उचलताना कंबरेत उसण भरली होती, तेव्हा डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी दिलेली. त्याला दोन वर्षं उलटली होती. दिवसाला दोन गोळ्यांच्या चार झाल्या आणि चारच्या सहा.

पाठ तर सहा महिन्यांतच बरी झाली होती. मग गोळी चालू का राहिली? हे सांगायला त्याला बराच वेळ लागला. गोळी घेतली की वीर्यपतन लवकर होत नाही, हे त्याच्या पहिल्याच महिन्यात लक्षात आलं होतं. लग्नानंतर चार वर्षं ज्याची मनात लाज होती, ते एका गोळीने सुटलं होतं. ट्रामाडॉल खरंच पतन लांबवतं. मेंदूतल्या सेरोटोनिनवरही त्याचा परिणाम होतो, म्हणून. पण ते अफूच्या कुळातलं औषध आहे आणि त्या कुळाची दुसरी बाजू हळूहळू पुढे येते.

मी त्याला कागदावर एक रेघ काढून दाखवली. वर मेंदू, खाली अंडकोश. मेंदूतून ठरावीक लयीत निरोप निघतो, पिट्यूटरी ग्रंथी तो एलएच या हार्मोनच्या रूपाने पुढे पाठवते आणि अंडकोश टेस्टोस्टेरॉन तयार करतात. अफूच्या कुळातली औषधं रोज घेतली की वरचा निरोपच मंदावतो. कारखाना शाबूत असतो, ऑर्डर येत नाही. म्हणून आधी इच्छा मावळते आणि मग पहाटे आपोआप येणारी ताठरता कमी होते. महेशला आठवेना की ती शेवटची कधी आली होती. नुसत्या ताणामुळे त्रास असेल, तर पहाटेची ताठरता बहुधा टिकून असते. त्यामुळे हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते.

मित्राने दिलेली सिल्डेनाफिलची गोळीही त्याने घेऊन पाहिली होती. तोंड लाल झालं, डोकं दुखलं, बाकी काही नाही. ती गोळी रक्त पोचायला मदत करते, इच्छा निर्माण करत नाही. मनात काही उमटतच नसेल, तर तिला करायला कामच उरत नाही.

मी डॉक्टर नाही, म्हणून त्याला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी टेस्टोस्टेरॉन सकाळी आठच्या आसपास आणि दोन वेगळ्या दिवशी तपासायला सांगितलं, कारण ते सकाळी सर्वांत जास्त असतं आणि एका आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. १७२ आणि १८६ आलं. साधारण ३०० च्या खाली गेलं की कमी समजतात. एलएचसुद्धा कमी होतं, म्हणजे अडचण वरच्या बाजूला होती. “मग टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शनच देऊन टाका ना,” तो म्हणाला. पण नवरा-बायकोला दुसरं मूल हवं होतं आणि बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शुक्राणू तयार होणं मंदावतं. आधी गोळी सोडवून पाहायचं ठरलं.

त्याआधी त्याने स्वतःहून एकदा गोळी बंद केली होती. दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, अंगावर काटा, जुलाब, रात्रभर पाय स्वस्थ राहीनात. त्यात पत्नीच्या जवळ गेल्यावर काही सेकंदांतच सगळं संपलं. त्याने अर्थ लावला की गोळीशिवाय आपण पुरुषच नाही. खरं तर अफूच्या औषधांचा अंमल उतरताना शीघ्रपतन वाढतंच, ते शरीराचं उलट उसळणं असतं. त्याला इतकं सांगितल्यावर तो किती तरी वेळ टेबलाकडे बघत राहिला.

या वेळी डॉक्टरांनी दर दोन आठवड्यांनी एक गोळी कमी केली. सहाच्या शून्यावर यायला बारा आठवडे. एकदम थांबवायची नाही आणि मनाने वाढवायचीही नाही, कारण जास्त मात्रेत ट्रामाडॉलने फिट येऊ शकते. नैराश्याच्या काही गोळ्या सोबत असतील तर धोका आणखी वाढतो. पाठीसाठी फिजिओथेरपी सुरू झाली.

तिसऱ्या भेटीला पत्नी आली. ती म्हणाली, “ह्यांचं बाहेर कुठे तरी आहे, असंच मला वाटत होतं. नाही तर मीच जाड झाले म्हणून.” तिला कागदावरची तीच रेघ दाखवली. मग त्या बारा आठवड्यांत संबंधाचा प्रयत्नच करायचा नाही, असं मी दोघांना सांगितलं. रात्री नुसतं शेजारी पडायचं, हात धरायचा, पाठीला तेल लावायचं. परीक्षा नसली की घाबरणं कमी होतं.

गांज्याचं काय? तो पूर्ण निर्दोष नव्हता. थोडा ओढल्यावर काहींना स्पर्श गडद वाटतो, जास्त झाला की अंग सुस्तावतं आणि लक्ष भरकटतं. रोज ओढणाऱ्यांच्या ताठरतेबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण आपल्याकडे तो तंबाखूत मिसळून ओढतात आणि तंबाखू रक्तवाहिन्या बिघडवतो, यात शंका नाही. शनिवारचा गांजा मात्र महेशचा मुख्य गुन्हेगार नव्हता. पार्टीतल्या गोळ्या किंवा कोकेन घेणारी मुलं येतात, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे इच्छा उफाळते, पण रक्तवाहिन्या आकसल्याने ताठरता साथ देत नाही. मग ती वर सिल्डेनाफिल घेतात. सोबत पॉपर्स नावाची नशेची वाफ हुंगली असेल, तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीवावर बेततं.

गोळी पूर्ण थांबल्यावर पाचव्या आठवड्यात महेशचा फोन आला, सकाळी सातला. “मॅडम, आज पहाटे आली.” दोन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन ३४८ होतं. सगळ्यांचं इतक्या लवकर परत येत नाही, काहींना वर्ष लागतं. आणि जुनं शीघ्रपतन परतलंच. त्यावर मग थांबा-आणि-पुन्हा-सुरू करा हा सराव दोघांनी मिळून केला. पतनाची कळ आली की हालचाल थांबवायची, ती ओसरली की परत. पाच-सहा आठवडे लागले.

गेल्या महिन्यात त्याची अक्कलदाढ काढायची होती. खुर्चीत बसण्याआधीच त्याने खिशातली चिठ्ठी काढून डेंटिस्टसमोर धरली. त्यावर बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं : “ट्रामाडॉल देऊ नये.”