बारा ओलांडताना गणित का चुकतं? घड्याळ आणि कॅलेंडरची प्रश्नोत्तरे

मुलगा दुसरीत आहे. पावणेतीन वाजले की हमखास ३:४५ लिहितो. समजावलं की मान डोलावतो, पुन्हा तेच. काय करू?

त्याच्या कानावर 'तीन' पडतं आणि डोळ्यांनाही तासकाटा तीनला टेकल्यासारखाच दिसतो. कान आणि डोळे दोन्ही तीनकडे ओढतात, मग तो ३ लिहिणार नाही तर काय? सव्वा आणि साडे होऊन गेलेल्या तासाचं नाव सांगतात, पावणे मात्र यायच्या तासाचं. म्हणून साडे आधी, मग सव्वा आणि पावणे सगळ्यात शेवटी शिकवा. तिन्ही एकाच संध्याकाळी उरकू नका.

नियम एकच सांगा: तासकाट्यानं जो आकडा ओलांडला तो तास, जो अजून गाठायचा आहे तो नाही. त्यासाठी काही दिवस मिनिटकाटा झाकून फक्त तासकाटा दाखवा. मुलानं एवढंच म्हणायचं, "दोन होऊन गेले, तीन व्हायचेत." हे न अडखळता येऊ लागलं की मगच मिनिटकाटा उघडा. तासकाटा तासाभरात पाच बारीक रेषा चालतो, म्हणजे एका रेषेला १२ मिनिटं. पावणेतीनला तो दोनच्या पुढे पावणेचार रेषांवर असतो, तीनवर नसतोच. खऱ्या घड्याळात हे त्याला बोटानं दाखवा. दीड आणि अडीच ही नावं मात्र पाठच करून घ्यावी लागतात, नाहीतर 'साडेएक' ऐकायला मिळतं. वर्गात यातलं कुठवर शिकवून झालंय ते बाईंना विचारून पुढे जा.

बाजारातलं रंगीत 'शैक्षणिक घड्याळ' घेऊ का?

घेण्याआधी मिनिटकाटा एक पूर्ण फेरी फिरवून पाहा. तासकाटा आपोआप पुढच्या आकड्यावर सरकला नाही तर ते घड्याळ दुकानातच राहू द्या. दोन काटे सुटे फिरणाऱ्या खेळण्यात साडेतीनलाही तासकाटा तीनवर ठाम उभा असतो. मूल तेच चित्र मनात धरतं आणि पावणेचा घोळ तिथूनच सुरू होतो. वर पुन्हा वेष्टनावर 'तज्ज्ञांनी बनवलेले' असं छापलेलं असतं! घरातलं जुनं भिंतीवरचं घड्याळ काढा, सेल काढून ठेवा आणि मागची चकती फिरवा. काम होतं.

सकाळी १०:४५ ला निघालेली बस दुपारी २:२० ला पोहोचली, तर किती वेळ लागला? मुलीनं ८ तास २५ मिनिटं काढलं. बाईंनी नुसती चुकीची खूण केली. कसं समजावू?

पत्रांच्या गठ्ठ्यात अर्धी पत्रं याच प्रश्नाची असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नुसत्या चुकीच्या खुणेनं काही साधत नाही, कारण इथे तीन वेगवेगळ्या चुका होतात आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. मुलीनं काय केलं ते उत्तरावरूनच कळतं.

८ तास २५ मिनिटं आली, म्हणजे तिनं १०:४५ मधून २:२० वजा केले. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे वजाबाकीत शिकवलेलं तिनं इमानानं पाळलं. हे उत्तर खऱ्या उत्तरात मिळवलं तर बरोबर १२ तास होतात. तेव्हा दुपार ओलांडणाऱ्या गणितात मुलाचं उत्तर आणि बरोबर उत्तर यांची बेरीज १२ तास आली, की समजावं, वजाबाकी उलटी झाली आहे.

दुसरं मूल ४ तास २५ मिनिटं लिहितं. त्यानं १० पासून २ पर्यंत तास बरोबर मोजले, पण मिनिटांत ४५ मधून २० काढले. तास पुढच्या दिशेनं आणि मिनिटं मागच्या दिशेनं! तिसरं मूल बोटांवर दहा, अकरा, बारा, एक, दोन म्हणतं आणि पाच तास सांगतं. त्यानं तास मोजलेच नाहीत, फक्त आकडे मोजले. निघाल्याचं बोट मोजायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता रीत. वहीत एक आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला १०:४५, उजव्या टोकाला २:२० आणि मध्ये ठळक खूण करून १२:००. ही मधली खूण चुकवायची नाही. मग टप्पे: १०:४५ ते ११ ही १५ मिनिटं, ११ ते १२ हा १ तास, १२ ते २ हे २ तास, २ ते २:२० ही २० मिनिटं. प्रत्येक टप्प्याच्या वर त्याचा वेळ लिहायचा. तासांची बेरीज ३, मिनिटांची ३५. उत्तर ३ तास ३५ मिनिटं. इथे वजाबाकी नाहीच, त्यामुळे हातचा उसना घेण्याची भानगडही नाही.

मिनिटं साठच्या वर गेली तर? सकाळी ९:२० ते दुपारी १:३५ घ्या. बारापर्यंत २ तास ४० मिनिटं, बारानंतर १ तास ३५ मिनिटं. बेरीज ३ तास ७५ मिनिटं. ७५ मधली ६० तासात टाका: ४ तास १५ मिनिटं. बरीच मुलं ३ तास ७५ वरच थांबतात, तेव्हा 'मिनिटं साठच्या आत आहेत का?' हा प्रश्न उत्तराखाली लिहायची सवय लावा.

आणि रेघ ओढण्याआधी अंदाज. १०:४५ म्हणजे जवळजवळ ११; तिथून दोन-सव्वादोनपर्यंत तीन-साडेतीन तास. हे तोंडानं म्हटलेलं मूल ८ तास लिहून गप्प बसत नाही. रात्री बारा ओलांडणाऱ्या गाडीलाही हीच रीत: २२:३५ ते मध्यरात्र १ तास २५ मिनिटं, तिथून ०६:१० पर्यंत ६ तास १० मिनिटं, एकूण ७ तास ३५ मिनिटं. शाळेत उभी मांडणीच मागत असतील तर बाईंशी बोलून घ्या. घरी एक आणि शाळेत एक अशा दोन रीती एकाच आठवड्यात नकोत.

क्लासमध्ये 'चाळीसची ट्रिक' शिकवली: साधी वजाबाकी करायची आणि ४० कमी करायचे. शिष्यवृत्तीला वेळ वाचतो म्हणतात. खरं का?

अर्धंच खरं, आणि अर्धं खरं जास्त घातक. १४.२० मधून १०.४५ साध्या संख्यांसारखे वजा केले की ३.७५ येतात. उसना घेताना ६० ऐवजी १०० घेतले गेले, म्हणजे ४० जास्त. ते कमी केले की ३ तास ३५ मिनिटं. पण ही दुरुस्ती उसना घेतला असेल तेव्हाच लागू होते. ९:१५ ते ११:४० मध्ये उसना नाहीच. सरळ २ तास २५ मिनिटं. ट्रिक पाठ केलेलं मूल इथेही ४० काढतं आणि १ तास ८५ मिनिटं लिहून मोकळं होतं.

उलट बाजूही पाहा. १०:५० ते १:०५ मध्ये ४० काढायला विसरलं तर उत्तर २ तास ५५ मिनिटं येतं. ५५ साठच्या आतच, त्यामुळे कुणालाच शंका येत नाही. खरं उत्तर २ तास १५ मिनिटं. क्लासवाल्यांना ४० कुठून आले ते विचारा. सांगता आलं नाही, तर त्या ट्रिकपासून मुलाला लांब ठेवा.

दुपारी १२:४० ते ३:१० साठी मुलानं २४ तासी वेळेत २४:४० लिहिलं. 'दुपारनंतर १२ मिळवा' असंच तर शिकवलंय!

१२ मिळवायचे ते दुपारी एकपासून पुढे. दुपारचे १२:४० तसेच राहतात, ३:१० चे १५:१० होतात. फरक २ तास ३० मिनिटं. रात्रीचे १२:४० मात्र ००:४०.

दुपारचे १२ म्हणजे मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर?

दोन्ही नाही, तो मध्यान्हच. मोबाइलवर 12:00 PM दिसतं ती निव्वळ सोय आहे. वहीत 'दुपारी १२' लिहा. परीक्षेत पाठ्यपुस्तकातली खूण चालवा.

१२ जून ते २० जून सुट्टी, तर दिवस ८ की ९? दोन शिक्षकांनी दोन उत्तरं दिली.

सुट्टीचे दिवस ९, कारण १२ तारीख आणि २० तारीख दोन्ही दिवस शाळा नाही. १२ जूनला लावलेलं रोप २० जूनला किती दिवसांचं झालं, असं विचारलं तर ८. घड्याळातली वेळ ही एक खूण असते, म्हणून दोन खुणांमधलं अंतर मोजतात. कॅलेंडरवरची तारीख हा अख्खा चौकोन असतो आणि प्रश्न कधी चौकोन मोजायला सांगतो, कधी अंतर. 'दोन्ही दिवस धरून' असे शब्द प्रश्नात नसतील तर दोष मुलाचा नाही. तुमच्या दोन्ही शिक्षकांना एकत्र बसवून विचारा.

१५ ऑगस्टचा वार दिला असेल तर २ ऑक्टोबरचा कसा काढायचा?

इथे अंतर मोजायचं, म्हणून १५ ऑगस्ट सोडून द्या. ऑगस्टचे उरलेले १६, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे २, एकूण ४८. सातानं भागून बाकी ६. २०२५ मध्ये १५ ऑगस्टला शुक्रवार होता, सहा वार पुढे गुरुवार. कॅलेंडर काढून ताळा पाहा, जुळतं.

पुढच्या वर्षीच्या त्याच तारखेचा वार एकानं सरकतो, आणि मधे २९ फेब्रुवारी आला तर दोनानं. मुलं फक्त 'लीप वर्ष आहे का' एवढंच पाहतात, तिथे फसतात. १ मार्च २०२३ बुधवार, १ मार्च २०२४ शुक्रवार: मधे २९ फेब्रुवारी आला. १ मार्च २०२४ ते १ मार्च २०२५ मध्ये तो नाही, म्हणून शनिवार. चारानं भाग जातो म्हणून लीप, ही ऐकीव गोष्टही अपुरी आहे: शतकाच्या वर्षाला ४०० नं भाग जावा लागतो. २००० लीप होतं, २१०० नसेल.

मुलगी पाचवीत आहे. अजूनही मोठा-छोटा काटा उलट धरते. 'वाढत्या वयात जमेल' असं सगळे म्हणतात. थांबू का?

थांबू नका. आधी घड्याळ तपासा: काही शोभेच्या घड्याळांत दोन्ही काटे जवळजवळ सारखे असतात, काहींवर आकडेच नसतात. ठळक आकड्यांच्या घड्याळावर दोन-तीन आठवडे रोज थोडा वेळ द्या. डोळे तपासून घ्या. तरीही तेच राहिलं, आणि सोबत डावं-उजवं चुकणं, १२ चे २१ लिहिणं, वार क्रमानं न सांगता येणं असंही असेल, तर वर्गशिक्षकांशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत शीव रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. इतरत्र बालरोगतज्ज्ञांकडून पुढचा पत्ता घ्या. नुसत्या घड्याळाच्या चुकीवरून घरीच निदान करू नका. जाताना तिच्या जुन्या वह्या आणि उत्तरपत्रिका बरोबर न्या, खाडाखोड असलेल्यासुद्धा.