मंदन की ऋण त्वरण?

‘मी भौतिकशास्त्राचे सरावप्रश्न मराठीत आणते. कोनीय वेग आणि काळ यांच्या आलेखात रेषा खाली उतरत होती, म्हणून मी “मंदन होत आहे” असं लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून “ऋण कोनीय त्वरण” केलं. अर्थ एकच ना? आणि “एकूण” व “निव्वळ” हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का? उदा. एकूण कोन, निव्वळ टॉर्क.’

सरांचं बरोबर आहे, पण तुमचा शब्दही अर्ध्या आलेखापुरता बरोबर असणार. रेषा शून्याच्या खाली गेली होती का, एवढंच बघा.

घोळ भाषेतूनच सुरू होतो. दहावीच्या भूमितीत आपण ‘रेषेचा चढ’ शिकतो. चढ ऋण निघाला की तोंडातून आपसूक ‘उतार’ येतं, आणि उतार म्हटलं की काहीतरी कमी होतंय असं वाटतं. ताप उतरतो, भाव उतरतात, तसा वेगही उतरला असणार! त्वरण हा शब्द त्वरेतला, त्यामुळे ‘ऋण त्वरण’ म्हणजे घाईच्या उलट, म्हणजे संथ होणं, असं कान सांगतो. कान इथे फसवतो. ‘ऋण’ फक्त दिशा सांगतं, तीही आपणच ठरवलेली.

माझ्या आजोळी विहिरीवर रहाट होता. लोखंडी जड चाक, मधे बारीक रूळ, रुळावर दोर. बादली वर येत असताना दांडा हातातून सुटला तर काय होतं, हे मला मनगटावर कळलेलं आहे. बादली लगेच खाली जात नाही. रहाट त्याच दिशेने आणखी थोडा फिरतो, क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि मग उलटा सुटतो. लहान मुलाला वाटतं, थांबला, आता धरू. तिथेच दांडा बसतो.

हाच प्रसंग आलेखावर घेऊ. आकडे सोयीचे धरतो. बादली वर नेणारी दिशा धन. दांडा सुटला तेव्हा कोनीय वेग सेकंदाला ६ रेडियन, म्हणजे सेकंदाला साधारण एक फेरा. पहिल्या सेकंदात रेषा ६ वरून शून्यावर येते. पुढच्या दीड सेकंदात ती शून्यावरून −६ पर्यंत जाते. रेषा पहिल्यापासून शेवटपर्यंत खालीच उतरते आहे, म्हणजे चढ सबंध वेळ ऋण. पण मंदन फक्त पहिल्या सेकंदात आहे. नंतरचा दीड सेकंद रहाट उलट दिशेने अधिकाधिक जोरात फिरतोय. त्याला मंदन म्हणणाऱ्याने एकदा रहाटापाशी उभं राहावं.

ओळखायची खूण सोपी आहे. रेषा काळाच्या अक्षाकडे येत असेल तर मंदन, अक्षापासून दूर जात असेल तर गती वाढते आहे. मग ती वर जाऊन दूर जावो की खाली. (रहाट ज्याभोवती फिरतो त्याला मी ‘आस’ म्हणतो. एकाच वाक्यात दोन अक्ष आले की मुलं गोंधळतात.) खाली जाणारी दिशा धन धरली असती तर सगळा आलेख उलटला असता, त्वरण धन झालं असतं आणि पहिल्या सेकंदातलं मंदन तरीही मंदनच राहिलं असतं. म्हणून उत्तरात चिन्हासकट आकडा हवा असेल तर ‘ऋण कोनीय त्वरण’ लिहा. ‘मंदन’ हे वर्णन आहे. ते जिथे खरं आहे तिथे खुशाल वापरा.

आता ‘एकूण’. रेषा आणि काळाचा अक्ष यांच्यामधलं क्षेत्रफळ म्हणजे फिरलेला कोन. अक्षाच्या वरचा त्रिकोण: १ × ६ च्या निम्मे, ३ रेडियन. खालचा: १.५ × ६ च्या निम्मे, ४.५ रेडियन, पण उलट दिशेने. तुमच्या प्रश्नात ‘एकूण किती कोन फिरला’ असं असेल तर मी ३ आणि ४.५ मिळवून ७.५ म्हणेन. दुसरा कुणी ३ मधून ४.५ वजा करून −१.५ म्हणेल आणि तोही शब्दाला धरूनच असेल. रूळ १० सेंटिमीटर त्रिज्येचा असेल तर बादली ३० सेंटिमीटर वर जाऊन ४५ खाली आली, म्हणजे सुटली त्या जागेपेक्षा १५ सेंटिमीटर खाली आहे. ही जागा हवी असेल तर ‘कोनीय विस्थापन’ किंवा ‘निव्वळ कोन’ लिहा. सगळी फिरती हवी असेल तर ‘दोन्ही दिशांना मिळून’ एवढे तीन शब्द घाला. ‘एकूण’वर सोडू नका.

‘निव्वळ’ मला आवडतो तो ‘निव्वळ नफा’मुळे. त्यात वजाबाकी झाली आहे हे मराठी कानाला न सांगता कळतं. टॉर्कला तो अगदी चपखल बसतो, कारण तिथेही एकमेकांविरुद्ध पिळणारे असतात. आलेखातून टॉर्क काढताना मात्र दोन्ही टोकं जोडून चढ काढायचा मोह होतो: अडीच सेकंदांत १२ ने घट, म्हणून −४.८. हा आकडा कुठल्याच क्षणाचा नाही. रेषा शून्यावर मोडली आहे. आधीचा चढ −६, नंतरचा −४.

ती का मोडली, हे बघण्यासारखं आहे. रहाट आणि भरलेली बादली मिळून जडत्वाचं आघूर्ण २ किलोग्रॅम वर्गमीटर धरू. τ = Iα, म्हणून बादली वर जाताना निव्वळ टॉर्क −१२ न्यूटन मीटर, खाली येताना −८. बादलीचं वजन दोन्ही वेळा त्याच दिशेने ओढतंय. बदललं ते आसाचं घर्षण. ते नेहमी फिरण्याच्या विरुद्ध असतं, म्हणून रहाट उलटला तसं तेही उलटलं. वर जाताना ते वजनाच्या बाजूने होतं, खाली येताना विरुद्ध. म्हणजे वजनाचा टॉर्क १० आणि घर्षणाचा २: १० + २ आणि १० − २. (१० किलोची बादली, g = 10, त्रिज्या ०.१ मीटर, जुळतंय.) इथे ‘एकूण टॉर्क’ लिहिलंत तर खाली येतानाही कुणीतरी १२ च लिहील. आसाला तेल घातलेलं असतं तर दोन्ही चढ जवळजवळ सारखे आले असते आणि रेषा सरळ शून्यातून आरपार गेली असती.

एक तळटीप तुमच्या प्रश्नपत्रिकेसाठी. निव्वळ टॉर्क ‘कशावरचा’ ते लिहायला विसरू नका. वरचे −१२ हे बादलीसकट सगळ्या जोडणीवरचे. त्या २ मधले १० × ०.१² म्हणजे ०.१ बादलीचे, नुसत्या रहाटाचं जडत्वाचं आघूर्ण १.९ आहे, म्हणून त्याच्यावरचा निव्वळ टॉर्क −११.४ येतो, कारण वेग बदलत असताना दोरातला ताण बादलीच्या वजनाइतका नसतो.

आणि आलेख शून्याला टेकतो त्या क्षणी टॉर्कही शून्य, असं एखादा विद्यार्थी हमखास लिहितो. त्या क्षणी शून्य आहे तो फक्त वेग. वजन तेव्हाही ओढतच असतं. मी नेमका तेव्हाच दांडा धरायला गेलो होतो.