प्रत्येक फोटोत त्याच जागी ठिपके येतात: सेन्सरवरची धूळ कशी ओळखायची आणि ब्लोअरने कशी काढायची?

प्रश्न: माझ्या डीएसएलआरच्या प्रत्येक फोटोत, विशेषतः आकाशात, त्याच त्या जागी काळपट ठिपके येतात. लेन्स दोनतीनदा पुसली, फरक नाही. सेन्सरवर धूळ असेल का? घरी ब्लोअरने साफ केलं तर चालेल?

लेन्स आणखी पुसू नका. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा कण फोकसच्या इतका बाहेर असतो की त्याचा असा ठिपका उमटतच नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी घाणही फोटोत येत नाही. ठिपका जागा सोडत नसेल, तर संशय सेन्सरवरच घ्यायचा.

तरी आधी खात्री करा. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा, आयएसओ सगळ्यात कमी, अ‍ॅपर्चर एफ १६ किंवा एफ २२. फोकस मॅन्युअल करून अनंतावर न्या आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा किंवा कागदाचा जवळून फोटो काढा. शटर उघडं असताना कॅमेरा थोडा हलवा, म्हणजे भिंतीवरचे डाग पुसट होतील आणि सेन्सरवरचे तेवढे स्थिर राहतील. हा फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून पाहा. मग दुसरी लेन्स लावून तेच करा. ठिपके त्याच जागी आले, तर शंका उरली नाही.

एफ १६च का, हे कळलं की पुढचं सोपं जातं. धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर नसते, त्याच्या पुढे असलेल्या फिल्टरच्या काचेवर असते, आणि फोटोत दिसते ती तिची सावली. ही काच सेन्सरपासून १ मिलिमीटरवर आहे असं ढोबळमानाने धरा. एफ २ ला एका बिंदूवर येणारा प्रकाशाचा शंकू काचेपाशी सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद असतो, ०.०५ मिलिमीटरचा कण त्यातला जेमतेम एक टक्का प्रकाश अडवतो. एफ १६ ला तोच शंकू ०.०६ मिलिमीटरचा होतो आणि तोच कण निम्म्याहून जास्त प्रकाश खातो. म्हणून पोर्ट्रेट स्वच्छ येतात आणि डोंगरदऱ्यांच्या फोटोंत ठिपके उठून दिसतात.

आता साफसफाई. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कारण मध्येच संपली तर आरसा आणि शटर खाली येतात. पंखा बंद करा. लेन्स काढण्याआधी माउंटच्या बाहेरची धूळ झटका, आणि लेन्स काढल्यावर आरसा खालीच असताना आतल्या पोकळीत ब्लोअर मारा. हे टाळलं तर तिथली धूळ पुढच्या फुंकरीला सेन्सरवर जाऊन बसते आणि साफसफाईनंतर ठिपके वाढलेले दिसतात.

मग मेनूतून आरसा वर करा. निकॉनमध्ये `Lock mirror up for cleaning`, कॅननमध्ये `Clean manually`. बल्ब मोड वापरू नका; बोट सुटलं की शटर मिटतं. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून खालून हवा मारा, म्हणजे सुटलेला कण खाली पडेल. ब्लोअर आधी दोनतीनदा बाहेर दाबून घ्या, त्याच्या आतली धूळ निघून जाते. नळीचं टोक माउंटच्या आत नेऊ नका, हात घसरला तर काचेला ओरखडा पडतो. आठदहा जोरदार फुंकरी पुरतात. मग कॅमेरा बंद करा, तोंड खालीच ठेवून लेन्स लावा आणि भिंतीचा फोटो पुन्हा काढा.

नेमका कण शोधायचा असेल, तर कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहा. फोटोत वर डावीकडे असलेला ठिपका सेन्सरवर खाली डावीकडे असतो: वरखाली उलटतं, डावंउजवं तसंच राहतं.

तोंडाने मात्र कधीही फुंकू नका, थुंकीचे थेंब वाळून डाग पडतात. दाबाच्या हवेचा डबाही नको; त्यातून द्रव उडून काचेवर थिजतो. लेन्सचा ब्रश किंवा कापडही आत घालायचं नाही. मिररलेस असेल तर शटरचा पडदा मिटलेला नाही ना, हे पाहूनच हवा मारा. तो पडदा फार नाजूक असतो.

दुसऱ्या फोटोत ठिपका सरकलेला दिसला, तर कण सुटा आहे. पुन्हा ब्लोअर मारा. दोनतीन फेऱ्यांनंतरही जागचा हलला नाही, तर तो चिकटलेला परागकण किंवा तेलाचा थेंब असण्याची शक्यता आहे, आणि कितीही जोरात हवा मारली तरी तो निघणार नाही. त्याला सेन्सरच्या मापाचा स्वॅब आणि त्याचंच द्रावण लागतं. तुमच्या कॅमेऱ्यात एपीएस-सी सेन्सर असेल तर साधारण १६ मिलिमीटर रुंदीचा, फुलफ्रेम असेल तर २४ चा. ते काम पहिल्यांदा स्वतः करण्यापेक्षा सर्व्हिस सेंटरला द्या, असं मी सुचवेन. तोवर एफ ८ च्या आसपास फोटो काढलेत, तर बरेचसे ठिपके दिसणारही नाहीत.