वाचन तासाच्या स्लाइड: आधी चित्र, मग वाक्य

ताई, तुमच्या स्लाइड पाहिल्या, चित्रं झकास आहेत पण वाक्य चित्राचीच री ओढतंय. बकरी केळीच्या बागेत केळं खातेय असं चित्र आणि खाली "बकरी केळं खाते", मग पोरं अक्षराकडे बघतच नाहीत, चित्र बघून धडाधड बोलतात आणि आपल्याला वाटतं वाचलं. खरं वाचलं का ते बघायचं तर चित्रात नसलेला एखादा शब्द वाक्यात टाका. चित्रात बकरी बागेच्या फाटकापाशी, वाक्य "बकरीला आजीचा आवाज आला." इथे जो नुसता अंदाज मारतो तो "बकरी आत गेली" म्हणतो, लगेच कळतं. आणि आजी दाखवायची ती पुढच्या स्लाइडवर, मग पोरांनाच घाई होते.

दुसरं, एकाच चित्राच्या दोन स्लाइड करा, पहिली नुसती चित्राची, त्यावर पोरांना अहिराणीत बोलायचं तर बोलू द्या, मग दुसरी वाक्यासकट. ॲनिमेशनच्या भानगडीत पडू नका, कारण शेवटी पीडीएफच करायची आहे आणि तिच्यात ते हलत नाही. पीडीएफ न करता मूळ फाइल नेली आणि शाळेच्या लॅपटॉपवर तुमचा फॉन्ट नसला तर दुसराच फॉन्ट येतो आणि ओळी कुठंही तुटतात.

वाक्य चार-पाच शब्दांचं, खाली कोऱ्या पांढऱ्या पट्टीवर, चित्रावर नको, केळीच्या पानांवर मात्रा अन् अनुस्वार गायब होतात. साइज ४८ ठेवा आणि शेवटच्या बाकावर बसून स्वतः वाचून बघा, खिडकीतून ऊन येत असताना.